हप्ता तोच राहिला, कर्ज मात्र लांबत गेलं

*ताई, नमस्कार. मी पाचगावात राहतो, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. वय ३८, रिटायरमेंट ५८ ला. जानेवारी २०२२ मध्ये घरासाठी बँकेतून ३० लाखांचं कर्ज काढलं. मुदत २० वर्षं, दर पावणेसात टक्के, रेपोला जोडलेला. हप्ता २२,८११. दोन वर्षांत हप्ता एक रुपयानेही वाढला नाही म्हणून मी निवांत होतो. आता या जानेवारीत, २०२४ ला, बँकेचं पत्र आलंय. दर सव्वानऊ झालाय, मुद्दल अजून २९,४४,२९५ बाकी आहे, आणि यापुढे हा हप्ता चालणार नाही म्हणतात. एक तर हप्ता २४,५५६ करा आणि ३३६ महिने भरा, नाहीतर २८,०३३ करा आणि मूळ मुदतीत, म्हणजे २१६ महिन्यांत संपवा. हातात ५४ हजार येतात. बायको शिकवण्या घेते, त्याचे आठएक हजार, पण मे महिन्यात ते बंद. मुलगी नववीत आहे. महिन्याला तीन हजार जास्तीचे कसेही काढीन, पाच हजार नाही जमणार. एक लाख आणि दीड लाख अशा दोन ठेवी आहेत, सात टक्क्यांच्या. मुदत वाढवू की हप्ता? आणि दोन वर्षं भरलेले पैसे गेले कुठं, तेही सांगा.*

*– एक वाचक, पाचगाव*

नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो सुटला की पहिल्याचं उत्तर तुम्हाला स्वतःलाच दिसू लागेल.

बँकेतून कर्जाचा खातेउतारा काढा. अ‍ॅपवर मिळाला तर उत्तम, नाहीतर शाखेत मागा. त्यात प्रत्येक हप्त्यापुढे दोन रकाने असतात: व्याज किती आणि मुद्दल किती. जानेवारी २०२२ चं व्याज बघा. ३० लाखांवर पावणेसात टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं १६,८७५. तुम्ही भरले २२,८११. म्हणजे ५,९३६ रुपये मुद्दलातून गेले. आता एप्रिल २०२३ ची ओळ बघा. व्याज २२,७०३. तुम्ही भरले तेवढेच, २२,८११. मुद्दलातून गेले फक्त १०८ रुपये. एवढे पैसे भरून त्या महिन्यात घरातली एक वीटही तुमची झाली नाही.

तुमच्या आकड्यांवरून मी सगळा हिशोब मांडून पाहिला. दोन वर्षांत तुम्ही २४ हप्ते भरले, एकूण ५,४७,४६४ रुपये. त्यातून मुद्दल उतरलं ५५,७०५. बाकीचं सगळं व्याजात गेलं. मोट दिवसभर चालावी आणि पाणी पाटातच मुरून जावं, उसाच्या सरीपर्यंत पोचूच नये, तसं हे झालंय. यात बँकेने लबाडी केली असं मी म्हणत नाही, कारण तुमच्या करारात दर बदलता आहे. पण तुम्हाला वेळेवर कळायला हवं होतं, आणि कळलं नाही हे खरं.

झालं ते असं. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक पावणेतीन टक्के. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर. तुम्ही कर्ज काढलं तेव्हा तो ४ टक्के होता. ४ मे २०२२ पासून तो वाढायला लागला आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला साडेसहावर पोचला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना असली नवी कर्जं बाहेरच्या दराला जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर नव्याने लावावा लागतो. त्याप्रमाणे तुमचा दर जुलै २०२२ ला ७.६५, ऑक्टोबरला ८.६५, जानेवारी २०२३ ला ९ आणि एप्रिलला ९.२५ झाला, असं मी धरलंय. तुमच्या मुद्दलाशी ते रुपयाला रुपया जुळतं, म्हणजे धरलेलं बरोबर आहे.

दर वाढला की बँकेपुढे दोन वाटा असतात, हप्ता वाढवणं किंवा मुदत वाढवणं. हप्ता वाढवला की ग्राहक दारात येतो. मुदत वाढवली तर त्याच्या लक्षातही येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी संगणकात आधी मुदतच वाढते. तुमचा हप्ता २२,८११ वरच ठेवून प्रत्येक टप्प्याला किती महिने शिल्लक दिसत होते ते ऐका. जुलै २०२२ ला २७७. ऑक्टोबरला ३७६. जानेवारीत ४६५. एप्रिल २०२३ ला ६९७, म्हणजे अठ्ठावन्न वर्षं!

यातली शेवटची उडी नीट बघा. जुलै २०२२ ला दर ०.९० टक्के वाढला, तेव्हा साधारण त्रेचाळीस महिने वाढले. आणि शेवटी दर फक्त पाव टक्का वाढला, तर दोनशे बत्तीस महिने वाढले. लोकांना वाटतं, दर थोडा वाढला तर मुदतही थोडीच वाढेल. तसं होत नाही. मुदत कमी होते ती हप्त्यातून व्याज वजा जाता जे उरतं त्याच्या जोरावर. सुरुवातीला सहा हजार उरत होते तेव्हा काम चालू होतं. शंभर रुपये उरायला लागले की साडेएकोणतीस लाखांचं मुद्दल संपायला आयुष्य पुरत नाही. अजून पाव टक्का वाढला असता तर महिन्याचं व्याज २३,३०० च्या पुढे गेलं असतं. मग हप्ता भरूनही कर्ज दर महिन्याला फुगत गेलं असतं.

हे असं होऊ नये म्हणूनच रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं आणि बँकांना ३१ डिसेंबरपर्यंत मुदत दिली. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे कर्जदाराला विचारायचं. मुदत वाढवताना मुद्दलच वाढत जाईल अशी वेळ आणायची नाही. दर तिमाहीला आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ता किती, हप्ते किती उरले, हे सोप्या पत्रकात द्यायचं. तुमच्या हातातलं पत्र त्यामुळेच आलंय. म्हणजे त्यात दोनच पर्याय छापलेले असले तरी तिसरा मागायचा तुम्हाला हक्क आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता बँकेचे दोन पर्याय. पहिल्यात हप्ता फक्त १,७४५ रुपयांनी वाढतो. घरातलं कुणीही हाच घ्या म्हणेल, आणि काउंटरवरचा माणूसही बहुधा हाच सुचवेल. पण ३३६ महिने म्हणजे अठ्ठावीस वर्षं. तुम्ही आज ३८ चे. शेवटचा हप्ता भराल तेव्हा वय ६६, आणि पगार ५८ ला थांबलेला. त्या दिवशी, ज्या दिवशी कारखान्यातून नारळ-शाल घेऊन घरी याल, कर्जात अजून १६ लाख ६० हजारांच्या आसपास बाकी असेल. वीस वर्षं हप्ते भरून मूळ कर्जाच्या निम्म्याहून जास्त!

मी बावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. राजारामपुरीच्या बाजूला एका शाखेत असताना एक गृहस्थ आले होते. टर्नर होते, त्याच महिन्यात निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात घडी घातलेला ग्रॅच्युइटीचा चेक. तो त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी सरळ केला आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्यात मिटतंय का बघा." मिटत नव्हतं. त्यांची मुदत मधल्या वर्षांत दोनदा वाढली होती, आणि त्याचं एकही पत्र त्यांना पोचलं नव्हतं. ग्रॅच्युइटी गेली आणि वर पीएफमधूनही भरावे लागले. ते ज्या शांतपणे उठून गेले ते मला अजून आठवतं. म्हणून गृहकर्जाचं कुठलंही पत्र समोर आलं की मी हप्त्याचा आकडा नंतर बघते. आधी शेवटच्या हप्त्याची तारीख बघते आणि तिच्याशेजारी शेवटच्या पगाराची तारीख लिहिते.

दुसऱ्या पर्यायात कर्ज ५६ व्या वर्षी संपतं. पण हप्ता ५,२२२ रुपयांनी वाढतो आणि तुम्ही स्वतःच सांगताय की तेवढं जमणार नाही. माझं मत असं की जो हप्ता मे महिन्यात शिकवण्या बंद असताना भरता येणार नाही, तो स्वीकारूच नये. लागोपाठ नव्वद दिवस थकलं की खातं बुडीत गटात जातं. मग सिबिलवर डाग पडतो, आणि पुढे आपण ज्या सवलती मागणार आहोत त्यांची दारं बंद होतात. व्याज वाचवायला जाऊन घरच धोक्यात घालायचं नाही.

या दोन पर्यायांतला फरक किती, हेही प्रामाणिकपणे सांगते, कारण इथे लोकांना घाबरवणारे आकडे फार फेकले जातात. पहिल्या वाटेने पुढे एकूण व्याज भराल सुमारे ५३ लाख, दुसऱ्या वाटेने सुमारे ३१ लाख. फरक बावीस लाखांचा. ऐकायला छाती दडपते. पण हे बावीस लाख आजचे नाहीत. ते पुढच्या अठ्ठावीस वर्षांत सांडलेले आहेत, आणि २०५० सालचे २४ हजार रुपये आजच्या २४ हजारांएवढे जड नसतील. खरा हिशोब एवढाच की कर्जात घातलेला प्रत्येक जास्तीचा रुपया तुम्हाला सव्वानऊ टक्क्यांनी परतावा देतो, तोही खात्रीचा. त्याहून जास्त नाही, त्याहून कमी नाही. तुमची ठेव सात टक्के देते, वर त्या व्याजावर कर लागतो. तुलना ह्या दोघांत करायची. बावीस लाखांचा आकडा बाजूला ठेवला तरी उत्तर तेच येतं.

म्हणून मी तुम्हाला बँकेचा पहिलाही सांगत नाही आणि दुसराही नाही.

एक लाखाची ठेव मोडा आणि ते पैसे मुद्दलात भरा. दीड लाखाच्या ठेवीला हात लावू नका. ती तुमची अडीअडचणीची. घरखर्च आणि हप्ता मिळून तुमचे तीनएक महिने तिच्यावर निघतील, आणि फाउंड्रीत ऑर्डरी कमी झाल्या की ओव्हरटाइम आधी बंद होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. राहिलेल्या २८,४४,२९५ वर हप्ता मागा २६,०००. वाढ ३,१८९ रुपयांची, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या तीन हजारांच्या अगदी जवळ. या हप्त्याने कर्ज २४१ महिन्यांत संपतं. वीस वर्षं आणि एक महिना. शेवटचा हप्ता आणि शेवटचा पगार साधारण एकत्र येतात.

एका लाखाने एवढा फरक कसा पडतो? लांब मुदतीच्या कर्जात सुरुवातीला भरलेल्या मुद्दलाला फार वजन असतं, म्हणून. समजा तुम्ही बँकेचाच पहिला पर्याय घेतला, २४,५५६ चा, आणि आज एक लाख भरले, तर ३३६ चे २९१ महिने होतात. एक लाखात पंचेचाळीस हप्ते गेले! हेच लाख शेवटच्या वर्षांत भरले तर चार-पाच हप्त्यांपलीकडे काही कमी होणार नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जात व्यक्तीला मुदतीआधी पैसे भरण्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, त्यामुळे ती भीती काढून टाका. ठेव मुदतीआधी मोडली म्हणून ठेवीचं थोडं व्याज कापलं जाईल, तेवढंच नुकसान.

आयकराचं काही जण सांगतील, की व्याज कमी झालं तर वजावट कमी होईल. तुमचं वर्षाचं व्याज आज दोन लाख बहात्तर हजारांच्या घरात आहे. लाख भरल्यावरही दोन लाख त्रेसष्ट हजार राहतं. जुन्या कर पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट दोन लाखांवर थांबते, म्हणजे तुमचा एक रुपयाही जात नाही. नवी पद्धत घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, मग प्रश्नच मिटला.

अर्ज करण्याआधी मात्र एक काम करा. तुमच्याच बँकेत नवं गृहकर्ज घ्यायला गेलेल्या माणसाला आज काय दर मिळतो ते विचारा. तुमच्या दरातला रेपो कुणालाच कमी करता येणार नाही, पण त्यावरचे पावणेतीन टक्के ही बँकेची स्वतःची भर आहे. जुन्या ग्राहकाला पावणेतीन आणि नव्याला सव्वादोन, असं अनेकदा असतं. तुम्ही दोन वर्षांत एकही हप्ता चुकवलेला नाही. सिबिलचा अहवाल काढा आणि तो घेऊन शाखाधिकाऱ्यांना भेटा. फोनवर हे काम होत नाही. थोडी फी घेऊन दर बदलून देतात. फी किती योग्य, याचा अंदाज असा करा: अर्धा टक्का दर उतरला तर पहिल्या वर्षीच तुमचे चौदा हजारांच्या आसपास वाचतात. फी त्याहून बरीच कमी असेल तर लगेच भरा. आणि दर ८.७५ झाल्यावरही हप्ता २६,००० च ठेवला, तर २४१ चे २२० महिने होतात. खिशाला झळ न लागता एकवीस हप्ते कमी. दर उतरवून मिळाला तर हप्ता खाली आणायचा मोह टाळा.

दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याचा विचार त्यानंतर, तुमच्या बँकेने स्पष्ट नकार दिला तरच. तिथे प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि नव्याने गहाण करण्याचा खर्च येतो. शिवाय मूळ खरेदीखत एका बँकेतून सुटून दुसरीकडे पोचेपर्यंत जिवाला घोर असतो. दुसऱ्या बँकेचं लेखी मंजुरीपत्र हातात असलं की तुमची बँक दर उतरवायला पुष्कळदा तयार होते, एवढा त्याचा उपयोग नक्की.

आता अर्ज. तोंडी काही सांगू नका. साध्या कागदावर एवढंच लिहा:

"माझ्या गृहकर्ज खात्यात आज रु. १,००,००० मुद्दलात जमा करीत आहे. ही रक्कम आगाऊ हप्ता म्हणून धरू नये. राहिलेल्या मुद्दलावर मासिक हप्ता रु. २६,००० ठेवावा व त्यानुसार मुदत निश्चित करावी. सुधारित परतफेड तक्ता द्यावा."

यातलं दुसरं वाक्य मी मुद्दाम घातलंय. पैसे भरले आणि ते मुद्दलात न जाता पुढच्या चार हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहिले, असं मी कितीतरी खात्यांत पाहिलंय. ग्राहक समजतो कर्ज कमी झालं, आणि व्याज मात्र जुन्याच मुद्दलावर चालू असतं. तिसरं वाक्यही तितकंच गरजेचं. ते नसलं तर कधी कधी मुदत तशीच लांब ठेवून हप्ता उतरवला जातो. तेव्हा महिन्याला काही शे रुपये सुटल्यासारखे वाटतात आणि पंचेचाळीस हप्ते मात्र जागच्या जागी राहतात.

काम बरोबर झालं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. पुढच्या पूर्ण महिन्याचं व्याज बघा. सव्वानऊच दर असेल तर लाख भरण्याआधी महिन्याचं व्याज २२,६९६ होतं, भरल्यावर ते २१,९२५ च्या आसपास आलं पाहिजे. पैसे महिन्याच्या मधेच भरले असतील तर तो एक महिना सोडून द्या आणि त्यानंतरचा बघा. व्याजाचा आकडा साडेबावीस हजारांच्या वरच दिसला तर लाख रुपये मुद्दलात गेलेले नाहीत. लगेच उतारा घेऊन शाखेत जा. हप्ता खात्यातून आपोआप कापण्यासाठी तुम्ही सही करून दिलेल्या जुन्या आदेशात कमाल रकमेची मर्यादा असते. ती २६,००० पेक्षा कमी असेल तर नवा आदेश द्यावा लागेल, नाहीतर पहिलाच हप्ता परत जाईल आणि त्याचा दंड पडेल. अर्ज देतानाच हे विचारून घ्या.

शाखेने "सिस्टीममध्ये दोनच पर्याय आहेत" असं सांगितलं, तर नम्रपणे १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा आणि लेखी उत्तर मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. बहुतेक वेळा इथवर जावं लागत नाही, पण अर्जाची शिक्का मारलेली प्रत तुमच्याजवळ नसेल तर तिथे दाखवायलाही काही नसतं.

एका परिस्थितीत मी तुम्हाला लांब मुदतच घ्या म्हणेन. कारखान्यात कपातीची कुणकुण असेल, किंवा घरात मोठं आजारपण निघालेलं असेल, तर २४,५५६ चा हप्ता घ्या आणि दोन्ही ठेवी तशाच ठेवा. अशा वेळी हाताशी असलेले पैसे सव्वानऊ टक्क्यांपेक्षा जास्त मोलाचे. वर्षभराने स्थिती सुधारली की त्याच कर्जात लाख भरता येतात, हप्ताही वाढवून घेता येतो. फक्त ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण बँक आठवण करून देणार नाही.

आणि तसं काही नसेल तर पुढचं ऐका. तुमची पगारवाढ दरवर्षी होत असणार. प्रत्येक जानेवारीत हप्ता फक्त एक हजाराने वाढवून घ्या: पुढच्या वर्षी २७, मग २८, मग २९. दर सव्वानऊच राहिला असं धरूनही हे कर्ज साडेतेरा वर्षांत संपतं. तुम्ही तेव्हा एक्कावन्न-बावन्नचे असाल, आणि नोकरीची सहा वर्षं हातात असतील. शेवटच्या वर्षी हप्ता ३९,००० झालेला असेल. आज तो आकडा मोठा वाटतो, पण तोवर पगारही तिथे पोचलेला असेल, आणि एखाद्या वर्षी नाहीच जमलं तर त्या वर्षी वाढवू नका. मुलीच्या बारावीनंतरची चार वर्षं वाढ थांबवलीत तरी निवृत्तीआधी कर्ज संपतं. दिवाळीचा बोनस यात मी धरलेलाच नाही, तो मुलीच्या शिक्षणासाठी राहू द्या.

पुढे कधी रेपो उतरला, तर तीन महिन्यांच्या आत तुमचा दरही उतरलाय का ते तिमाही पत्रकात तपासा. उतरला असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी झालेली दिसली पाहिजे.

पुढचा हप्ता कापला जाण्याच्या आधी आठवडाभर तरी शाखेत जा, शक्यतो सकाळी. बरोबर बँकेचं पत्र, खातेउतारा, सिबिलचा अहवाल, ठेवीची पावती आणि अर्जाच्या दोन प्रती घ्या. आधी दराचं बोला, मग लाख भरा, मग अर्ज द्या. पत्नीचं नाव सहकर्जदार म्हणून असेल तर त्यांची सहीही लागेल, म्हणजे त्यांनाही सोबत न्या. नवा परतफेड तक्ता मिळाला की तो चाळून शेवटच्या ओळीवर या आणि तिथली तारीख दोघांनी मिळून वाचा. ती फेब्रुवारी २०४४ किंवा त्याच्या आधीची असली पाहिजे.